एपॉक्सी मोजताना: सिरिंज की वजनकाटा?

इंदुरातल्या आमच्या स्वयंपाकघरात ओट्याच्या ग्रॅनाइटचा कोपरा उडाला. आणलेल्या एपॉक्सीच्या डब्यावर लिहिलं होतं: रेझिन दोन भाग, हार्डनर एक भाग, आकारमानाने.

हे 'आकारमानाने' बरेच जण वाचतच नाहीत. काट्यावर २० ग्रॅम रेझिन आणि १० ग्रॅम हार्डनर घेतलं की फसगत झालीच. रेझिन जड असतं, हार्डनर हलकं. २० ग्रॅमला हार्डनर साधारण साडेआठ ग्रॅमच लागतं. जास्तीचं हार्डनर काम लवकर उरकत नाही. ते नुसतं सुकवणारं औषध नव्हे. त्याचे रेणू रेझिनच्या रेणूंशी जोडले जाऊन जाळं विणतात. जोडीदार न मिळालेले आत तसेच उरतात, सांधा मऊ राहतो, पाणी ओढतो. रेझिन जास्त झालं तर चिकटपणा जात नाही. दुसऱ्या दिवशी नख रुतलं तर समजावं, बहुधा माप चुकलं.

काटा वाईट नाही, पण कंपनीने वजनाचं प्रमाण दिलं असेल तरच, आणि तोही ०.१ ग्रॅम दाखवणारा हवा. घरच्या काट्यावर एका ग्रॅमची चूक म्हणजे इथे बारा टक्के! एवढ्याशा कोपऱ्याला मी दोन वेगळ्या सिरिंजच घेईन. मिसळताना मात्र वाटीच्या कडा खरवडायच्याच.