पंख्याचे फेरे फोटोतून मोजायचे: नुसतं पातं की रेडियमची पट्टी?

मे महिन्यात आमच्या लातूरकडच्या घरी मधल्या खोलीतला पंखा मंद झाला. वायरमन म्हणाला, "कंडेन्सर गेलाय." बायकोचं म्हणणं, पंखाच म्हातारा झालाय, नवा घ्या. कंडेन्सर बदलून खरंच फरक पडतो का, हे मला आकड्यात बघायचं होतं. फेरे मोजणारा टॅकोमीटर विकत घेण्याइतकी हौस नव्हती. रोज पंखे दुरुस्त करत असाल तर तो जरूर घ्या, पुढचं वाचूही नका. माझ्यासारखं वर्षातून एकदा मोजायचं असेल, तर मोबाइलच्या कॅमेऱ्याचा प्रो मोड पुरतो, त्यात शटर किती वेळ उघडं ठेवायचं ते आपल्याला ठरवता येतं.

हिशोब सोपा आहे. शटर जेवढा वेळ उघडं, तेवढ्या वेळात पातं जितके अंश फिरलं, तेवढी कमान फोटोत उमटते. अंशांना सेकंदांनी भागा आणि परत सहाने भागा, की मिनिटाचे फेरे मिळतात. प्रश्न आहे तो नेमकी कशाची कमान मोजायची हा. मी दोन्ही प्रकार करून पाहिले.

पहिला प्रकार म्हणजे पंख्याला हातच लावायचा नाही. शटर १/३० सेकंद ठेवायचं आणि नुसत्या पात्याचा ओघळ मोजायचा. कोनाला पाचाने गुणलं की फेरे आले. स्टूल नको, चढणं नको, पंखा बंदही करायला नको. उजेडही फार लागत नाही, कारण तपकिरी पातं पांढऱ्या छतावर दिवसा सहज दिसतं. घाईत असाल तर हाच प्रकार करावासा वाटेल, मलाही वाटला होता.

दुसऱ्या प्रकारात पंखा बंद करून एकाच पात्याच्या खालच्या बाजूला, टोकाजवळ, सेंटिमीटरभर रुंदीची रेडियमची पट्टी आडवी नाही, तर मोटारीकडून टोकाकडे जाईल अशी उभी चिकटवायची. उसाच्या ट्रॉलीला मागे लावतात तेच रेडियम, त्याचा उरलेला तुकडा चालतो. खोलीत अंधार करायचा, मोबाइलच्या अगदी शेजारी बॅटरी पेटती ठेवायची आणि शटर १/८ सेकंद. फोटोत काळोखात एकच लखलखीत कमान येते. तिच्या कोनाला चाराने गुणून तीनाने भागायचं.

आता ज्या कटकटीमुळे माझा कल ठरला ती सांगतो. नुसत्या पात्याचा पहिला फोटो मी आणि माझ्या मेहुण्याने दोघांनी मोजला. पोराच्या कंपासपेटीतला कोनमापक, फोटो एकच, पंखा एकच. तो म्हणाला, "दाजी, साठ भरतंय." मला छत्तीसच दिसत होते. म्हणजे त्याचे तीनशे फेरे आणि माझे एकशे ऐंशी! चहा होईपर्यंत वाद चालला. मग लक्षात आलं की चूक कोणाचीच नाही. पात्याला स्वतःची रुंदी असते. आमच्या पात्याची रुंदी टोकाजवळ साधारण साडेअकरा सेंटिमीटर, म्हणजे पंचावन्न सेंटिमीटरच्या त्रिज्येवर बारा अंश. मेहुणा धूसर कडेपासून धूसर कडेपर्यंत मोजत होता, तिथे पात्याची रुंदी कमानीत मिसळते आणि बारा अंश जास्त येतात. मी मधला एकसारखा गडद पट्टाच धरला होता, तो बारा अंशांनी कमी भरतो. खरे अंश मध्ये, अठ्ठेचाळीस. म्हणजे २४० फेरे.

याच्यावर तोड आहे, नाही असं नाही. दोन्ही कोन मोजून सरासरी काढा, किंवा धूसर कडा धरून पात्याची रुंदी वजा करा. आणि तुम्हाला फक्त "आधी किती, नंतर किती" एवढाच फरक हवा असेल, तर दोन्ही वेळी सारखीच चूक होते आणि वजाबाकीत ती निघून जाते. पण पांढऱ्या छतावर धूसर कड संपते कुठे हे डोळ्याला नीट ठरवता येत नाही, आणि इथे एक अंशाला पाच फेरे आहेत. मला तरी ते जमलं नाही.

पट्टीला ही भानगड नाही. सेंटिमीटरभर पट्टी म्हणजे एक अंश, म्हणजे फार तर दीड फेरा. कमान कुठे सुरू झाली, कुठे संपली, यावर कोणी भांडत नाही. कमान अर्ध्या वर्तुळापेक्षा मोठी असेल तर कोनमापक उरलेल्या काळ्या फटीवर ठेवायचा आणि आलेले अंश ३६० मधून वजा करायचे.

आणखी एक गोष्ट मला पट्टीकडे ढकलते. मोबाइलचा कॅमेरा सगळा फोटो एकदम घेत नाही, ओळी एकामागून एक वाचतो. वरच्या आणि खालच्या ओळीत काही हजारांश सेकंदांचं अंतर पडतं, त्यामुळे कमान कुठल्या बाजूला सुरू झाली त्यावर ती थोडी लांब किंवा आखूड दिसते. १/३० सेकंदात ही चूक मोठा वाटा खाते, १/८ मध्ये कमी. तरीही एका फोटोवर विसंबू नका. कंडेन्सर बदलल्यावर मी पाच फोटो काढले: २४९, २६२, २५४, २५८, २५२ अंश. सरासरी २५५, म्हणजे ३४० फेरे. आधी पट्टीनेही सरासरी १८० अंश, म्हणजे २४० फेरेच आले होते. शंभर फेरे परत आले, नव्या पंख्याचा विषय मिटला.

मोबाइल मात्र मोटारीच्या बरोबर खाली जमिनीवर, मागचा कॅमेरा वर करून ठेवावा लागतो, नाहीतर वर्तुळाचं अंडं होतं आणि कोन फसवतो. स्क्रीन खाली जाते, म्हणून पाच सेकंदांचा टायमर लावूनच पालथा घालावा. नाइट मोड लागू देऊ नका, तो अनेक फोटो एकत्र करतो आणि शटरचा वेळ अर्थहीन होतो. दोन्ही वेळी रेग्युलेटर पूर्ण आणि वेळही तीच ठेवा, कारण आमच्याकडे शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज उतरतं आणि पंखाही. इन्व्हर्टरवर मोजूच नका.

एकदा बॅटरी न लावता साध्या एलईडी बल्बच्या उजेडात, रेडियमऐवजी पांढऱ्या चिकटपट्टीवर फोटो काढला, तर कमान सलग न येता मण्यांसारखी आली. स्वस्त बल्ब आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो. १/८ सेकंदात बारा-तेरा मणी दिसले, म्हणजे मोबाइल शटरचा वेळ खरा सांगत होता.

पट्टीची मर्यादा एकच: ४८० फेऱ्यांच्या वर कमान पूर्ण वर्तुळ होऊन स्वतःवरच चढते. घरचे ४८ इंची पंखे तिथवर जात नाहीत. छोट्या वेगवान पंख्याला शटर १/१५ करा आणि कोनाला अडीचने गुणा. छत फारच उंच असेल, स्टूल पुरत नसेल, तर मात्र नुसतं पातंच बरं. तेव्हा धूसर कड आणि गडद पट्टा, दोन्ही मोजा.