घटनाक्रम लिहिताना मेसेजची वेळ धरावी की घटनेची?

पावसाळ्यात आमच्या सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये पाणी शिरलं. विमा कंपनीला आणि कमिटीला नेमकं काय घडलं ते लिहून द्यायचं होतं, आणि हाताशी होता फक्त व्हॉट्सॲप ग्रुपवरचा रात्रभराचा कल्लोळ. त्यातून सलग मजकूर करायच्या दोन पद्धती मी वापरून पाहिल्या.

पहिली पद्धत सोपी. ग्रुप ‘मीडियाशिवाय’ एक्स्पोर्ट करायचा, मिळालेल्या `.txt` फाइलमधले शुभेच्छा आणि अंगठे काढून टाकायचे, उरलेलं त्याच क्रमाने वाक्यांत लिहायचं. अर्ध्या तासात काम होतं. पण फाइल सांगते ती मेसेज कधी आला याची वेळ. सकाळी ७.१५ ला एका काकांनी लिहिलं होतं, “मी रात्री साडेदहालाच वॉचमनला सांगितलं होतं, पाणी साचतंय.” सगळ्या प्रकरणाची सुरुवात इथे आहे, आणि या पद्धतीत ती शेवटी येते.

दुसरा घोटाळा याहून वाईट. एक्स्पोर्टमध्ये कोणता मेसेज कशाला उत्तर म्हणून आला, हे राहत नाही. आमच्या फाइलमध्ये “पंप बिघडलेलाच होता ना?” याच्या लगेच खाली सेक्रेटरींचं “हो, पण तेव्हा लाईट नव्हती” असं होतं. वाचणाऱ्याला वाटेल, पंप बिघडल्याची कबुलीच दिली. फोनवर पाहिलं तर ते उत्तर काकांच्या मेसेजला होतं. विम्याच्या कागदात हा फरक फार महागात पडला असता.

दुसऱ्या पद्धतीत प्रत्येक कामाचा मेसेज तक्त्यात घ्यायचा: कधी घडलं, कोणी स्वतः पाहिलं, मेसेज कधी आला. मग पहिल्या रकान्याने क्रम लावायचा. ‘मगाशी’, ‘काल रात्री’ असं लिहिलेलं असेल तर त्या माणसाला फोन करून विचारायचं. मध्यरात्रीनंतर तारीख बदलते, तिथे हमखास चूक होते. १२.२० ला ग्रुपवर आलेला फोटो ज्यांनी काढला, त्यांच्या गॅलरीत वेळ १२.०५ होती. व्हॉट्सॲपवरून आलेल्या प्रतीत ती सापडत नाही.

शेवटी मजकूर असा झाला: “रात्री १०.३० ला एका रहिवाशांनी वॉचमनला पाणी साचत असल्याचं सांगितलं (हे त्यांनी सकाळी ७.१५ ला ग्रुपवर लिहिलं). तेव्हा लाईट नव्हती, असं सेक्रेटरी सांगतात. ११.५२ ला ग्रुपवर पंपाबद्दल पहिली विचारणा झाली. १२.०५ च्या फोटोत पाणी निम्म्या टायरपर्यंत दिसतं.”

याला माझी पूर्ण संध्याकाळ आणि पाच फोन लागले. सहलीची किंवा लग्नाच्या तयारीची हकिगत घरच्यांसाठी लिहायची असेल तर एवढा खटाटोप कशाला, पहिली पद्धत पुरते. पण मजकुरावर कोणाची सही होणार असेल, तर दुसरीच घ्या. आणि मूळ एक्स्पोर्टची फाइल हात न लावता वेगळी ठेवा. ग्रुपवरचे मेसेज नंतर डिलीट होतात.