रॉयल एनफिल्ड हंटर ३५०, माझी उंची पाच फूट दोन इंच: पावसाळा-हिवाळा काढल्यावरचा अनुभव

हे लिहायचं बरेच दिवस राहिलं होतं, पण गेल्या आठवड्यात सर्व्हिसिंगवरून जे झालं त्यामुळे आता बसलेच लिहायला. गाडी सर्व्हिसवरून आणली आणि पहिल्याच सिग्नलला पाय टेकवताना लक्षात आलं की काहीतरी बदललंय. एरवी माझे दोन्ही चवडे नीट टेकतात, त्या दिवशी फक्त बोटं टेकली. सीट तीच, बूट तेच, टायर तेच. घरी येऊन मागच्या शॉकअप्सकडे बघितलं तर स्प्रिंग कडक-सैल करायची खालची खाचांची रिंग फिरवलेली, डावी चौथ्या खाचेवर आणि उजवी तिसऱ्या. मी कायम पहिल्या खाचेवर ठेवते.

फोन केला तर सुपरवायझर म्हणतो, "मॅडम, मागे कोणी बसतं ना, म्हणून कडक करून दिलंय, सगळ्यांना तसंच देतो." माझ्यामागे कोणी बसत नाही, आणि जॉबकार्डवर हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. परत सैल करायला लेबर चार्ज लागेल म्हणाले, तिथे मात्र माझं डोकं फिरलं. भांडून फुकटात करून घेतलं, आणि दोन्ही बाजूंची खाच सारखी आहे का हे तिथेच उभं राहून मोजलं. आता ती रिंग फिरवायचा सी-स्पॅनर स्वतःचाच घेतलाय.

एवढ्याशा गोष्टीवरून एवढा त्रागा का, तर कमी उंचीच्या माणसाला सेंटीमीटरभरानेही फरक पडतो. हंटरची सीट हाइट ७९० मिलिमीटर, सगळ्यांना माहितीये. पण तो आकडा रिकाम्या गाडीचा. आपण बसलो की स्प्रिंग दबते, फोम दबतो आणि सीट खाली येते. किती येते ते आपल्या वजनावर. ऐंशी-नव्वद किलोचा माणूस बसला की गाडी छान खाली बसते, माझ्यासारखी अठ्ठावन्न किलोची बसली की जेमतेम. म्हणजे उंची कमी आणि वजनही कमी असेल तर दोन्हीकडून मार, आणि वर कोणी स्प्रिंग कडक करून दिली तर उरलंसुरलं दबणंही गेलं.

माझं वय ५३, आयुष्यभर स्कूटर चालवली, गिअरची गाडी पहिल्यांदाच. घ्यायच्या आधी उंची नाही, पायाची आतली लांबी मोजली. भिंतीला पाठ लावून, पायांमध्ये जाड पुस्तक वर दाबून धरायचं आणि जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंत टेप लावायची. माझी ७० सेंटीमीटर आली, बुटाचा तळ धरून साडेबहात्तर. सीट ७९, त्यातून दबून तीन-चार सेंटीमीटर कमी. म्हणजे टाच टेकणार नाही, चवडे टेकतील हे घरीच कळलं होतं आणि झालंही तसंच.

मग सगळ्यांचा प्रश्न, अ‍ॅव्हेंजर का नाही घेतली, तिची सीट ७३७ आहे. बसून बघितली ना! दोन्ही पाय सपाट, अगदी ओट्यावर बसल्यासारखं. पण हँडल पूर्ण उजवीकडे वळवलं की माझा डावा हात सरळ ताणला जातो, क्लचवर बोटं नीट राहत नाहीत, आणि डावीकडे वळवलं की उजवा हात ताणून नकळत ॲक्सिलरेटर पिळला जातो. पायही पुढे टाकावे लागतात, त्यामुळे मागचा ब्रेक दाबायला गुडघा जवळजवळ सरळ. ज्यांचे हातपाय लांब आहेत त्यांना ती आरामाची गाडी आहे, माझ्या मापाची नाही. मला यवतेश्वरच्या घाटात जायचं असतं, तिथल्या वळणांवर क्लच हातातून निसटून चालणार नाही. हंटरचा हँडल जवळ आहे, पूर्ण वळवूनही दोन्ही कोपर थोडे वाकलेले राहतात. शोरूममध्ये सगळे फक्त पाय टेकतात का बघतात, हँडल दोन्हीकडे शेवटपर्यंत वळवून कोणी बघत नाही.

वजनाबद्दल माझं मत मात्र मधेच बदललं. सुरुवातीला १८१ किलो या आकड्याचीच धास्ती होती, स्प्लेंडर ११२ ची आणि ही १८१, कसं होणार. आता वाटतं आकडा एकटा काही सांगत नाही. गाडी सरळ उभी असेल तर सगळं वजन टायरवर असतं, आपल्याला दोन बोटांनी सावरता येते. ती कलली की भार आपल्या पायावर यायला लागतो, जितकी जास्त कलेल तितका जास्त. आणि ज्याचा पाय पोचत नाही त्याला पाय टेकवण्यासाठीच गाडी कलवावी लागते. म्हणून तीच गाडी उंच माणसाला हलकी आणि आपल्याला जड लागते. त्यात आपण रस्त्याच्या डावीकडून चालवतो, रस्ता डावीकडे उतरता असतो, उजवा पाय ब्रेकवर म्हणजे टेकायचा डावाच, नेमका खोल बाजूला. कडेला डांबर संपून माती लागते तिथे थांबणं मी पूर्ण बंद केलंय, दोन फूट आत, सपाट जागा बघूनच थांबते.

ढकलताना वजन जाणवतंच, तिथे सुटका नाही. बसून चवड्यांनी मागे ढकलायला जोर मिळत नाही, म्हणून उतरून डावीकडून, सीटला कंबर लावून ढकलते. उतारावर भिंतीकडे तोंड करून कधीच लावत नाही, चढाकडे तोंड करून पहिल्या गिअरमध्ये लावते, निघताना ती आपोआप मागे येते.

आणि आता ज्याने खरा फरक पडला ते. सीटची उंची नाही हो, सीटच्या पुढच्या भागाची रुंदी! मांड्या बाहेर फाकल्या की पाय तिरका जातो आणि तेवढी लांबी वाया जाते. आमच्या गल्लीतल्या कुशनवाल्याकडे गेले, तो म्हणाला वरून दोन इंच फोम काढतो. मी नको म्हटलं, वरून काढला की तासाभरात खालचा कडक बेस हाडाला लागतो. मधला फोम तसाच ठेवून टाकीजवळच्या दोन्ही कडा, मांड्या जिथून खाली उतरतात तिथे, तिरक्या कापून घेतल्या. मांडी कुठे घासते ते खडूने मार्क करून दिलं. नवीन कव्हरसकट नऊशे रुपये. त्या नऊशे रुपयांत टाच जमिनीच्या एवढी जवळ आली की जरा डावीकडे सरकलं की डावा पाय पूर्ण टेकतो. जवळच्या आखूड लोकांना सगळ्यांना मी आता हेच सांगत सुटलेय.

क्लच थोडा लांब आणि जड वाटायचा, माझी गाडी सेकंडहँड, जुन्या मॉडेलची, त्यामुळे २०२५ च्या हंटरमधला, दाबायला हलका असा स्लिप-असिस्ट क्लच हिला नाही. केबलचं ॲडजस्टमेंट नीट करून घेतलं, लिव्हरला दोन-तीन मिलिमीटर प्ले ठेवून, आता ठीक आहे.

एका मेकॅनिकने मागचे आखूड शॉकअप्स टाकून गाडीच खाली करून देतो म्हटलं होतं. नाही केलं. गाडी खाली आली की साइड स्टँड तेवढाच लांब राहतो, गाडी स्टँडवर जवळजवळ सरळ उभी राहते आणि जरा धक्का लागला की उजवीकडे पडते. स्टँड कापून वेल्डिंग करा, खड्ड्यांत खालून घासणार ते वेगळंच. ज्यांना करायचंच आहे त्यांनी स्टँडचा खर्च आधीच धरून विचारा.