युद्धाची झळ दाखवणारे दोन गेम: सतरा वर्षांच्या मुलासाठी कोणता?

भाच्यासाठी निवड करताना माझ्यासमोर शेवटी दोनच नावं उरली, दोन्ही 2014 ची: ‘व्हॅलिअंट हार्ट्स’ आणि ‘धिस वॉर ऑफ माइन’. मी दोन्ही खेळलोय.

‘व्हॅलिअंट हार्ट्स’ पहिल्या महायुद्धावर आहे. एमिल हा फ्रेंच शेतकरी आणि त्याचा जर्मन जावई कार्ल, दोघं समोरासमोरच्या सैन्यांत ओढले जातात. चित्रं देखणी आहेत. वाटेत सापडणाऱ्या वस्तूंबरोबर खंदकांतल्या जगण्याची, विषारी वायूची खरी माहिती मिळते. इतिहासाची गोडी लावायला याच्याइतका सोपा गेम मला तरी माहीत नाही.

पण एक गोष्ट खटकली ती खटकलीच. यात बॅरन फॉन डॉर्फ नावाचा खलनायक आहे आणि आपण बराच वेळ त्याच्या मागे असतो. मध्येच संगीताच्या ठेक्यावर मोटार पळवायची, बाँब चुकवायचे. खंदकात माणसं मरताना पाहून लगेच हे करताना मन उचटतं. शिवाय सगळ्या दुःखाला एक दुष्ट माणूस मिळाला की युद्धाबद्दल विचार करायचं कारणच उरत नाही.

‘धिस वॉर ऑफ माइन’मध्ये असा कुणी नाही. बोस्नियातल्या साराजेव्हो शहराच्या 1992 ते 1996 च्या वेढ्यावरून सुचलेलं एक काल्पनिक शहर, आणि त्यात अडकलेली साधी माणसं. दिवसा घराची डागडुजी करायची, रात्री एकाने बाहेर जाऊन अन्न-औषध शोधायचं. एका घरात म्हातारं जोडपं राहतं. त्यांच्याकडे औषधं आहेत, ती दोघं प्रतिकार करत नाहीत. म्हातारा फक्त विनवतो, बायको आजारी आहे, औषधं नेऊ नका. आपल्याकडेही कुणी तापाने पडलेलं असतं. नेलं, तर गुण कापले जात नाहीत की कुणी दटावत नाही. घरी परतल्यावर मात्र आपली माणसं खचतात, आणि पुढे कधी त्या घरी पुन्हा गेलात, तर म्हातारा-म्हातारी मेलेली सापडतात. नाही नेलं, तर आपला आजारी माणूस हातचा जाऊ शकतो.

यालाही मर्यादा आहेत. तोच तो दिनक्रम कंटाळवाणा होतो. गेम रोज सकाळी आपोआप सेव्ह होतो, त्यामुळे रात्री मनाविरुद्ध घडलं की बंद करून तो दिवस पुन्हा सुरू करता येतो. मूल कधीच काही गमावत नाही असं दिसलं, तर समजा की तो हेच करतोय. भाच्याला मी आधीच सांगितलं होतं की घडलेलं तसंच राहू दे.

यात आत्महत्याही येते. पोलंडने 2020 मध्ये हा गेम शाळांच्या पूरक यादीत घ्यायचं जाहीर केलं, तेही 18 वर्षांवरच्यांसाठी. मूल सध्या मनाने नाजूक असेल तर ‘व्हॅलिअंट हार्ट्स’ बरा, त्याचा शेवटही हलवून सोडतो. एरवी, माझ्या मते, दुसराच घ्यावा, आणि सुरुवातीच्या काही रात्री त्याच्या शेजारी बसावं.