टर्म, फ्लोटर आणि कपाटातली फाइल: आठ महिन्यांनंतर

घर तिघांचं. नवरा-बायको तिशीतले, मूल तीन वर्षांचं. नवऱ्याच्या नावे दीड कोटीचा टर्म प्लॅन, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा, आणि तिघांचा मिळून दहा लाखांचा फॅमिली फ्लोटर, म्हणजे एकत्र आरोग्य विमा. आठ महिने झाल्यावर सांगायचं तर पॉलिसी निवडणं त्या मानाने सोपं होतं. अडतं ते ती दुसऱ्या माणसाला वापरता येते का, इथे.

दीड कोटी हा आकडा हवेतून आलेला नाही. घरखर्च महिना ४५ हजार, म्हणजे वर्षाला ५ लाख ४० हजार. मूल बावीस वर्षांचं होईपर्यंत एकोणीस वर्षं धरली की साधारण १ कोटी ३ लाख होतात. गुंतवलेल्या रकमेची वाढ महागाई भरून काढेल, असं यात गृहीत आहे. त्यात गृहकर्जाचे ३० लाख आणि शिक्षणाचे २५ लाख मिळवले, हाताशी असलेले ८ लाख वजा केले. "पैसे परत मिळणारा" टर्म प्लॅन घेतला नाही. तेवढ्याच कव्हरला त्याचा हप्ता बराच जास्त पडतो.

पॉलिसी आली की आधी तिच्यासोबतची प्रपोजल फॉर्मची प्रत वाचा. एजंटने घाईत तंबाखूपुढे "नाही" आणि जुन्या रक्तदाबापुढे रिकामी चौकट ठेवलेली असू शकते. पॉलिसी परत करता येते असे फ्री लूकचे ३० दिवस आहेत, तेवढ्यात लेखी दुरुस्ती मागायची. विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे तीन वर्षं उलटल्यावर कंपनीला टर्म पॉलिसीवर आक्षेप घेता येत नाही. त्याआधी दावा आला तर मात्र हीच चौकट शोधली जाते.

फ्लोटर निवडताना हप्त्याच्याही आधी रूम रेंटची अट पाहिली. ही अट नेमकी कुठे चावते, ते हिशोबाने कळतं. पाच लाखांची पॉलिसी, खोलीभाड्याला दिवसाला १ टक्का, म्हणजे ५ हजारांची मर्यादा. खोली घेतली ८ हजारांची, चार दिवस. खोलीचे १२ हजार खिशातून जाणार, हे सगळे धरून चालतात. पण डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर वगैरेचं १ लाख २० हजारांचं बिलही त्याच प्रमाणात, पाचास आठ असं कापलं जातं आणि ७५ हजारच मंजूर होतात. औषधं आणि तपासण्यांच्या ४० हजारांना ही कपात लागत नाही. एकूण १ लाख ९२ हजारांपैकी ५७ हजार घरचे. म्हणून ही मर्यादा नसलेलीच पॉलिसी घेतली, हप्ता थोडा वाढला तरी.

आता फाइल. पहिल्या महिन्यात बायकोला फक्त "निळ्या फाइलमध्ये आहे" एवढंच सांगून झालं होतं. नंतर एका रविवारी तालीम केली: नवऱ्याचा फोन बाजूला ठेवायचा आणि तिने एकटीने हेल्थ कार्ड, आरोग्य विम्याचे दावे हाताळणाऱ्या संस्थेचा म्हणजे टीपीएचा नंबर आणि टर्मची पॉलिसी काढायची. कार्ड सापडलं. पॉलिसीची पीडीएफ पासवर्डवर अडली आणि कंपनीच्या ॲपचा ओटीपी त्या बाजूला ठेवलेल्या फोनवर गेला. टर्मच्या नॉमिनीच्या रकान्यात बायकोचं नव्हे, नवऱ्याच्या आईचं नाव होतं, हे त्याच दिवशी उघडकीस आलं.

त्यानंतर फाइलच्या सुरुवातीला एकच पान लावलं. त्यावर दोन्ही पॉलिसी क्रमांक, हप्त्याची तारीख, हप्ता कोणत्या खात्यातून जातो ते, टीपीएचा नंबर आणि पीडीएफचा पासवर्ड. पुढे दाव्याला काय लागेल, तेही: मृत्यूचा दाखला, दाव्याचा अर्ज, नॉमिनीचं ओळखपत्र, रद्द केलेला चेक, अपघात असेल तर एफआयआर आणि शवविच्छेदन अहवाल. कंपनीकडे पर्यायी नंबर म्हणून बायकोचा नोंदवला.

एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. फ्लोटरचा प्रपोजर, म्हणजे ज्याच्या नावे पॉलिसी घेतली तो, नवरा आहे. तो गेला तर टर्मचे पैसे मिळतील, पण फ्लोटरच्या नूतनीकरणाची आठवण त्याच्या बंद फोनवर येत राहील आणि ऑटो-डेबिट गोठवलेल्या खात्यावर आपटेल. ग्रेस पिरियड वार्षिक हप्त्याला ३० दिवसांचा, तोही दुखवट्यात निघून जातो. मग नवी पॉलिसी, आणि आधीच्या आजारांना कव्हर मिळण्याची प्रतीक्षा पुन्हा पहिल्यापासून. म्हणून त्या पानावर लाल शाईने लिहिलंय: "तारखेआधी कंपनीला कळव, प्रपोजर म्हणून स्वतःचं नाव लाव, हप्ता स्वतःच्या खात्यातून भर."

बँकेच्या लॉकरमध्ये मूळ कागद ठेवायचा विचार सोडला. लॉकर एकट्याच्या नावावर असेल तर तो उघडण्यासाठीच वेगळे कागद लागतात. फाइल कपाटाच्या दुसऱ्या खणात आहे, एक प्रत बायकोच्या माहेरी. दुसरी तालीम परवा झाली, अकरा मिनिटं लागली. पासवर्डमधलं मोठं अक्षर पानावर लहान लिहिलं गेलं होतं, तेवढं दुरुस्त केलं.