एक चॅप्टर, तीन फेऱ्या: वेळ कुठल्या फेरीला जास्त द्यायचा?

माझी भाची दहावीला आहे, डिचोलीला राहते. चवथीच्या सुट्टीनंतर लगेच सायन्सची टेस्ट, आणि त्यात Electricity चा चॅप्टर. मला म्हणाली, मावशी, मी तीन वेळा रिव्हिजन करणार, रोज एक तास, तीन दिवस. मी म्हटलं कर, पण प्रत्येक तासात नक्की काय करणार ते सांग. तर उत्तर आलं, "वाचणार". तीनदा? हो, तीनदा.

तर हाच प्रश्न घेऊया. एकूण वेळ तीन तासांच्या आसपास धरला तर तो वाटायच्या तीन पद्धती मी पोरांमध्ये बघितल्यात. एक म्हणजे भाचीची, सारखी वाटणी, ६०-६०-६०. दुसरी उतरती, पहिल्यांदा दीड-पावणेदोन तास नीट वाचायचं, मग पाऊण तास, मग अर्धा. आणि तिसरी जिच्यात मधली फेरी सगळ्यात जड, म्हणजे साधारण ५०-९०-३०. मी तिसरीच्या बाजूची आहे हे आधीच सांगून टाकते, पण बाकीच्या दोन कधी चालतात तेही सांगते.

सारख्या वाटणीचा घोळ असा की दुसऱ्यांदा वाचताना सगळं ओळखीचं वाटतं, आणि ओळखीचं वाटणं म्हणजे येणं नव्हे. पुस्तकात सोडवलेलं उदाहरण डोळ्यासमोर असतं, प्रत्येक स्टेप पटते, मान डोलते, आणि तेच गणित कोऱ्या कागदावर घेतलं की पेन थांबतं. ह्यावर रोडिगर आणि कार्पिकी ह्या दोघांचा २००६ चा प्रयोग आहे. एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्याने एकदाच वाचून मग उतारा न बघता आठवून लिहायचा सराव केला. पाच मिनिटांनी तपासलं तर वाचणारे पुढे होते, साधारण ८३ टक्के विरुद्ध ७१. पण आठवड्याने उलटं झालं, वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं आणि आठवून लिहिणाऱ्यांना ६१. म्हणून टेस्ट उद्या सकाळी असेल तर बाबा वाच तीनदा, माझं काही म्हणणं नाही. पण मध्ये अख्खी चवथ असेल तर नको.

उतरती पद्धत त्यापेक्षा बरी, कारण निदान शेवटची फेरी छोटी असते. पण पहिल्या फेरीला एवढा वेळ दिला की पोरं त्यात नोट्स काढत बसतात, हायलायटरने अर्धं पान पिवळं करतात, मग गणितंही तेव्हाच, पुस्तक उघडं ठेवून. चॅप्टर वर्गात शिकवताना तुम्ही गैरहजर होता, किंवा बसला होता पण काही कळलं नाही, तर मात्र हीच घ्या. फक्त तिला रिव्हिजन म्हणू नका, ती पहिली शिकवणी आहे.

आता तिसरी, आम्ही घरी केली ती. टेस्टला १४ दिवस होते. पहिली फेरी पहिल्या दिवशी, दुसरी चौथ्या दिवशी, मग माटोळी बांधा, नेवऱ्या खा, पुस्तकाला हात नाही, आणि तिसरी बाराव्या दिवशी. मधलं अंतर मुद्दाम ठेवलंय, थोडं विसरल्याशिवाय आठवायचा व्यायाम होत नाही.

पहिल्या फेरीच्या ५० मिनिटांत फक्त सांगाडा. करंट म्हणजे काय, व्होल्टेज म्हणजे काय, ओहमचा नियम, R = ρl/A, सिरीज-पॅरलल, उष्णता, पॉवर. प्रत्येक हेडिंगला समासात एक प्रश्न पेन्सिलने लिहायचा, "तार दुप्पट लांब केली तर R चं काय?" असला, उत्तर लिहायचं नाही. गणित एकही सोडवायचं नाही. भाचीची ही फेरी सव्वा तासावर गेली आणि कारण तेच, मध्येच गणितात शिरली. तुमचीही लांबली तर बघा, बहुतेक तिथेच अडकला असाल.

दुसरी फेरी म्हणजे खरं काम. पहिली २० मिनिटं पुस्तक बंद, कोरा कागद, समासातले प्रश्न आठवतील तसे आणि त्यांची उत्तरं. मग पुस्तक उघडून ताडून बघायचं. अर्ध्यापेक्षा कमी हेडिंग्ज आली तर गणितांकडे जाऊ नका, जी आली नाहीत तेवढीच परत वाचा आणि दुसरी फेरी उद्या करा. बाकीचा तास-सव्वातास गणितं. एक नमुना देते. १२ V ची बॅटरी, सिरीजमध्ये ४ Ω, आणि त्याच्यापुढे ६ Ω व १२ Ω एकमेकांना पॅरलल. ६ Ω मधून करंट किती?

भाचीने 1/6 + 1/12 = 1/4 बरोबर काढलं आणि पॅरललचा रेझिस्टन्स ०.२५ Ω लिहिला, उलटायचं विसरली. वर्गात सांगतात ना, पॅरललचं उत्तर सगळ्यात छोट्या रेझिस्टरपेक्षा कमी यायला हवं. गंमत म्हणजे ०.२५ त्या कसोटीला पास होतं! म्हणून मी जास्त कडक कसोटी सांगते, दोनच रेझिस्टर असतील तर उत्तर छोट्याच्या निम्म्याच्या खाली जाऊच शकत नाही, म्हणजे इथे ३ ते ६ मध्येच हवं. बरोबर उत्तर ४ Ω, एकूण ८ Ω, करंट १.५ A. इथवर आली आणि मग 12/6 करून २ A लिहून मोकळी झाली. अगं, पूर्ण करंटच दीड आहे, एका फांदीत दोन कुठून येणार? पॅरलल भागावर बारा व्होल्ट नाहीत, १.५ × ४ म्हणजे ६ V आहेत, म्हणून ६ Ω मधून १ A आणि १२ Ω मधून अर्धा.

ह्या दोन चुका वेगळ्या जातीच्या आहेत आणि चुकीच्या बाजूला तसं लिहून ठेवायचं, कारण तिसऱ्या फेरीचा माल तोच. उलटायचं विसरणं म्हणजे "घाई", आणि बारा व्होल्ट सगळीकडे लावणं म्हणजे "कळलं नाही". दोन्हींना नुसती लाल फुली मारली तर आठवड्याने काही कळत नाही.

तिसरी फेरी ३० मिनिटं, पुस्तक अख्खं वाचायचं नाही. "कळलं नाही"वाली गणितं जुनं उत्तर झाकून पहिल्यापासून, "घाई"वाल्यांसाठी फक्त कसोटी म्हणून दाखवायची. दुसऱ्या फेरीत बरोबर आलेली एक-दोन गणितंही मध्येच टाका. ती आता चुकली तर दुसरी फेरी पहिलीच्या फार जवळ झाली असं समजा, पुढच्या चॅप्टरला एक-दोन दिवस वाढवा. हिस्ट्रीच्या चॅप्टरला गणितं नसतात, तिथे मधली फेरी तासाभरात आटपते, पहिलीला थोडी जास्त द्या.

भाचीची तिसरी फेरी २५ मिनिटांत झाली, त्यातली दहा लाइट गेल्यामुळे मेणबत्तीवर. व्होल्टेज वाटण्याचं गणित सुटलं. अडकली ती ६० वॅट आणि १०० वॅटचे बल्ब सिरीजमध्ये लावले तर जास्त कोण पेटेल ह्याच्यावर, १०० म्हणाली. सिरीजमध्ये करंट दोघांत एकच, आणि ६० वॅटवाल्याचा रेझिस्टन्स जास्त, म्हणून तो जास्त पेटतो. तेवढं एक तेराव्या दिवशी पाच मिनिटं परत केलं.