सुई टोचली त्या दिवशी सुरू झालेली मुदत

मी परिचारिका आहे. माझ्या आरोग्य विमा पॉलिसीत एचआयव्ही आणि हिपॅटायटिस यांच्याविषयी बरेच अपवाद होते, म्हणून एजंटने मला 'व्यवसायजन्य संसर्ग' या नावाचे स्वतंत्र रायडर, म्हणजे पॉलिसीला जोडायचे जादा संरक्षण, घ्यायला सुचवले. "कामावर सुई टोचून एचआयव्ही, हिपॅटायटिस बी किंवा सी झाला, की रिपोर्ट दाखवायचा आणि एकरकमी पैसे घ्यायचे," असे त्याने सांगितले, आणि माहितीपत्रकातही या तिन्ही आजारांची नावे ठळक छापलेली होती. रायडरचा संपूर्ण मजकूर मात्र पहिला हप्ता भरल्यानंतर हाती आला. मी तो वाचला नाही, आणि हा दोष माझाच आहे.

पुढे एका रुग्णाचे रक्त घेताना वापरलेली सुई माझ्या बोटात रुतली. रुग्णाला हिपॅटायटिस सी असल्याचे आम्हाला ठाऊक होते. बोट धुऊन मी प्रभारी परिचारिकेला तोंडी कळवले, नोंदवहीत मात्र तिसऱ्या दिवशी लिहिले. माझे रक्त अकराव्या दिवशी तपासले गेले, कारण एचआयव्हीसाठी द्यायच्या प्रतिबंधक औषधांप्रमाणे हिपॅटायटिस सीसाठी काहीच देता येत नसल्याने घाई करण्यासारखे कोणालाच वाटले नाही. त्या दिवशी अँटिबॉडी नव्हती. सहाव्या आठवड्यात रक्तात विषाणूचा आरएनए सापडला.

दावा फेटाळताना कंपनीने कलम दाखवले: घटनेपासून 5 दिवसांच्या आत घेतलेल्या नमुन्यात संसर्ग नसल्याचे सिद्ध झाले पाहिजे, आणि नंतरच्या ठराविक मुदतीत तो आढळला पाहिजे. ही अट मुळात निरर्थक नाही, हे मान्य करावे लागेल. हिपॅटायटिस सी वर्षानुवर्षे लक्षणांवाचून अंगात राहू शकतो, त्यामुळे नुसता पॉझिटिव्ह रिपोर्ट पाहून संसर्ग कालचा की दहा वर्षांपूर्वीचा हे सांगता येत नाही, आणि आधीच आजारी असलेल्या माणसाने विमा घेऊन मग सुईचे कारण पुढे करू नये, ही विमा कंपनीची खरी भीती असते. घटनेनंतर लगेच केलेली तपासणी त्यासाठीच हवी असते. पण अँटिबॉडी तयार व्हायला साधारण 8 ते 11 आठवडे लागतात, म्हणजे अकराव्या दिवशीचा निगेटिव्ह रिपोर्टही माझा संसर्ग जुना नसल्याचेच दाखवत होता. मी हे डॉक्टरांच्या पत्रासह लेखी मांडले.

उत्तरात कंपनीने माझा मुद्दा खोडला नाही. त्याऐवजी दुसरे कलम काढले, आणि खरी फसवणूक मला तेव्हा कळली. ज्या आजारावर तो बरा करणारा उपचार संसर्गाच्या वेळी उपलब्ध असेल, त्यासाठी हा लाभ मिळणार नाही, असे त्यात लिहिले होते. अशी भाषा एचआयव्ही डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली असते: उद्या त्यावर रामबाण औषध निघाले, तर मोठी रक्कम द्यावी लागू नये. एचआयव्हीला औषधांनी आटोक्यात ठेवता येते, पण तो पूर्ण बरा होत नाही, म्हणून तिथे हे कलम लागू होत नाही. हिपॅटायटिस सीचे मात्र उलट आहे. 2013 नंतर आलेल्या गोळ्यांनी तो साधारण 8 ते 12 आठवड्यांत बहुतेकांचा बरा होतो. म्हणजे 5 दिवसांची मुदत मी काटेकोर पाळली असती, तरी एक पैसाही मिळाला नसता, आणि माहितीपत्रकावर ते नाव तरीही मिरवत होते. हिपॅटायटिस बीची ओळही तपासा: लस उपलब्ध असूनही ती घेतली नसेल, तर दावा नामंजूर करण्याची तरतूद माझ्या रायडरात होती.

एजंटला विचारले तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, मला एवढे बारीक माहीत नव्हते." कदाचित ते खरेही असेल.

असे रायडर घेणाऱ्याने माहितीपत्रक बाजूला ठेवून हप्त्याआधी पूर्ण मजकूर मागावा आणि प्रत्येक आजारापुढे एकच प्रश्न लिहून कंपनीकडून, एजंटकडून नव्हे, लेखी उत्तर घ्यावे: आज हा संसर्ग कामावर झाला आणि त्यावर आजचेच उपचार उपलब्ध असतील, तर तुम्ही पैसे द्याल का? आधीच रायडर असेल, तर सुई टोचल्यावर त्याच दिवशी नोंद लेखी करून तिची प्रत घ्यावी आणि नमुना घेतल्याची तारीख व वेळ अहवालावर छापून घ्यावी. रुग्णाचा रिपोर्ट येईपर्यंत थांबू नये, कारण मुदत घटनेपासून मोजतात.

माझे उपचार 12 आठवडे चालले, आणि ते संपल्यानंतर 12 आठवड्यांनी केलेल्या तपासणीत विषाणू आढळला नाही. त्या अहवालाची प्रत मी कंपनीला पाठवली नाही. तिच्या दुसऱ्या कलमाला त्याहून चांगला पुरावा मिळाला नसता.